फाइलीसाठीसुद्धा नंबर

2024च्या एप्रिलात मी न्यू जर्सीला लेकीकडे गेले, तेव्हा वाचायला म्हणून पुण्याहून चार पुस्तकं नेली होती. तीन आठवड्यांत ती संपली. लेक म्हणाली, "आई, पुस्तकं विकत नको घेऊस, आपल्या लायब्ररीचं अ‍ॅप आहे." तिने माझ्या फोनवर लिबी नावाचं अ‍ॅप टाकून दिलं आणि स्वतःच्या कार्डाचा नंबर आणि पिन घातला. मी मोठ्या हौसेने अब्राहम व्हर्गीज यांची 'द कव्हेनंट ऑफ वॉटर' शोधली. केरळातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कादंबरी 2023 साली आली आणि ऑप्रा विन्फ्रीने तिची निवड केल्यावर अमेरिकेत तुफान चालली. मला तिचं ऑडिओबुक हवं होतं, कारण ते खुद्द लेखकानेच वाचलंय. पुस्तक सापडलं, पण त्याच्याखाली "Borrow" हे बटण नव्हतंच. तिथे "Place Hold" असं होतं, आणि खाली माहिती: प्रती 12, तुमच्या पुढे 86 जण, अंदाजे 14 आठवडे.

मला हसूच आलं. चाळीस वर्षांपूर्वी वाचनालयात नव्या कादंबरीसाठी नंबर लावायचो, ते कळण्यासारखं होतं. प्रत एक, माणसं वीस. पण ही तर फाइल! एकाची दोन आणि दोनाची दोन हजार करायला काय लागतं? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "असंच असतं." जावईबापू कॉम्प्युटरवाले, तेही म्हणाले, "असंच असतं." शेवटी शनिवारी गावातल्या लायब्ररीत गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंना विचारलं. बाई पंचावन्न-साठच्या असाव्यात. माझा प्रश्न त्यांना नवा नव्हता. हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच, असं त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

त्यांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा. छापील पुस्तक लायब्ररी विकत घेते. एकदा घेतलं की ते तिचं. कायद्याने ते ती कोणालाही वाचायला देऊ शकते, फाटेपर्यंत देऊ शकते, शेवटी रद्दीतही घालू शकते. प्रकाशकाला त्यात बोलायला जागा नाही. ई-पुस्तकाचं तसं नाही. लायब्ररीला फाइल विकत मिळतच नाही, मिळतो तो परवाना. आणि परवान्यात प्रकाशक ज्या अटी घालेल त्या चालतात. सगळ्यात सर्रास अट म्हणजे एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. म्हणजे 'प्रत' हा शब्द इथे केवळ सोयीचा आहे. अ‍ॅपवर 12 प्रती दिसतात याचा अर्थ लायब्ररीने 12 परवाने घेतलेत. तेरावा माणूस रांगेत.

परवान्याला मुदतही असते. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने 2011 साली ठरवलं, की एका परवान्यावर पुस्तक 26 वेळा देता येईल, पुढे नवा परवाना घ्यायचा. सव्वीसच का, तर दोन आठवड्यांची एक उसनवारी धरली की 26 गुणिले दोन म्हणजे बरोबर एक वर्ष. छापील पुस्तक जसं वापरून खिळखिळं होतं तशी फाइलही खिळखिळी व्हावी, असा तो हिशेब. इतर मोठ्या प्रकाशकांपैकी बऱ्याच जणांनी उसनवारी मोजण्याऐवजी काळ मोजला: परवाना दोन वर्षांचा, त्यात कितीही वेळा द्या, दोन वर्षांनी तो संपला.

किमतीचं बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. मोठ्या प्रकाशकाची नवी गाजलेली कादंबरी मला-तुम्हाला ई-पुस्तक म्हणून पंधरा डॉलरच्या आसपास मिळते. लायब्ररीला तिचा दोन वर्षांचा परवाना पंचावन्न ते पासष्ट डॉलरला पडतो. दोन वर्षांत आठवडे 104, म्हणजे चौदा दिवसांच्या जास्तीत जास्त 52 उसनवाऱ्या. एका वाचकामागे लायब्ररीला डॉलर-सव्वा डॉलर खर्च, तोही फाइल एक दिवससुद्धा रिकामी राहिली नाही तर. दहा परवाने घेतले की साडेपाचशे ते साडेसहाशे डॉलर, आणि दोन वर्षांनी कपाटात काहीच उरत नाही. तेवढ्यात पुस्तकाची हवा गेली तर परवाना नव्याने घ्यायचा की नाही, हा दरवेळचा प्रश्न. त्यामुळे एखादं चार-पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक परवापर्यंत अ‍ॅपवर होतं आणि आज नाही, असं झालं तर ते कोणी चोरलेलं नसतं, त्याचा परवाना संपलेला असतो.

या ओढाताणीचा एक अध्याय तर जाहीर भांडणाचाच झाला. 2019च्या नोव्हेंबरमध्ये मॅकमिलन या प्रकाशकाने नियम काढला, की नवं पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे कितीही मोठ्या लायब्ररीला एकच ई-प्रत मिळेल. शहर दहा लाखांचं असो की दहा हजारांचं. ठिकठिकाणच्या लायब्रऱ्यांनी मॅकमिलनची ई-पुस्तकं घेणंच थांबवलं. पुढे मार्च 2020मध्ये, करोनाने लायब्रऱ्यांच्या इमारती बंद पडत होत्या तेव्हा, प्रकाशकाने तो नियम मागे घेतला. प्रकाशकांची बाजूही अगदीच खोटी नाही. छापील पुस्तकासाठी उठून लायब्ररीत जावं लागतं, परत द्यायला पुन्हा जावं लागतं. तेवढ्या कटकटीपायी बरेच जण पुस्तक विकत घेतात. फोनवर दोन बोटांत फुकट मिळायला लागलं तर कोण घेईल, ही त्यांची भीती. म्हणजे रांग ही यंत्राची मर्यादा नाही. ती मुद्दाम ठेवलेली कटकट आहे.

हे कळल्यावर माझा राग गेला असं नाही, पण रांगेकडे बघण्याची नजर बदलली.

लिबी हे अ‍ॅप ओव्हरड्राइव्ह या कंपनीचं. कंपनी 1986 साली ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये सुरू झाली, आणि 2003 साली तिथल्याच क्लीव्हलंड पब्लिक लायब्ररीने तिच्यामार्फत वाचकांना ई-पुस्तकं द्यायला सुरुवात केली. लिबी आलं 2017मध्ये. अ‍ॅप फुकट आहे, पण लायब्ररीचं कार्ड लागतं, आणि कार्ड त्या गावच्या रहिवाशाला मिळतं. पत्त्याचा पुरावा बघतात, कारण लायब्ररी गावच्या घरपट्टीतून चालते. माझ्यासारख्या पाहुण्या आईला सगळीकडे कार्ड मिळेलच असं नाही. म्हणून आम्ही एकच कार्ड दोन फोनांवर वापरलं, आणि त्यातून एक गंमत झाली. आमच्या कार्डावर एका वेळी दहा पुस्तकं घेता येत होती. मी पहिल्याच आठवड्यात, मिळतंय म्हणून, सात घेऊन ठेवली. लेकीला ऑफिसच्या वाटेवर ऐकायला काही घ्यायचं होतं तर अ‍ॅप म्हणे मर्यादा संपली. शिवाय कार्ड एक म्हणजे कपाटही एकच. मी रात्री जागून खुनाच्या कादंबऱ्या वाचते हे तिला तेव्हाच कळलं.

आता ती चौदा आठवड्यांची रांग. 86 जणांना 12 प्रतींनी भागलं तर सातच्या थोडं वर येतं, म्हणजे प्रत्येक प्रत माझ्यापर्यंत पोचायच्या आधी साधारण सात जणांच्या हातून जाणार. प्रत्येकाचे दोन आठवडे धरले तर चौदा आठवडे. अ‍ॅपचा अंदाज याच चालीवर येतो, आणि तो बहुधा जास्तच असतो. कारण सगळे जण चौदा दिवस पुस्तक धरून बसत नाहीत. काहींचं चार दिवसांत वाचून होतं. काहींना दुसऱ्याच प्रकरणात कंटाळा येतो. चौदा दिवस झाले की फाइल आपोआप जाते, दंड नाही की आठवण करायला शिपाई नाही, त्यामुळे परत करायचं कोणाच्या ध्यानातच येत नाही. पण "Manage Loan" मध्ये "Return Early" असं बटण असतं. ते दाबलं की त्या क्षणी परवाना मोकळा होतो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचा फोन वाजतो. रांग लहान करण्यासाठी वाचकाच्या हातात असलेली गोष्ट एवढीच. दुसरी गोष्ट लायब्ररीच्या हातात असते: एका प्रतीमागे थांबलेल्यांची संख्या फार वाढली की ती आणखी परवाने घेते. माझ्या डोळ्यांदेखत 12च्या 14 प्रती झाल्या.

माझा नंबर चौदाऐवजी दहाव्या आठवड्यातच लागला, आणि मी तो घालवला. दोष माझाच. फोनच्या सूचना सतत टिंगटिंग करतात म्हणून मी त्या बंद केल्या होत्या आणि आम्ही सगळे नायगाराला गेलो होतो. नंबर लागल्यावर पुस्तक तुमच्यासाठी तीन दिवस राखून ठेवतात. त्या तीन दिवसांत घेतलं नाही तर ते पुढच्या माणसाकडे जातं. सुदैवाने पहिल्यांदा चुकलं तर अ‍ॅप नंबर काढून टाकत नाही, थोडा पुढे ढकलतं. दुसऱ्यांदा चुकलात तर मात्र गेलं. खरं तर यावर सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. "Deliver Later" असं बटण आहे. प्रवासाला जायचंय, हातात दुसरं पुस्तक आहे, किंवा तीन पुस्तकांचे नंबर एकाच दिवशी लागलेत (हे होतंच, याबाबतीत पुस्तकं आणि एसटी सारखीच), तर तेवढ्या दिवसांपुरतं थांबा म्हणून सांगायचं. रांगेतली जागा जात नाही. उलट तुम्ही सरकत सरकत पहिल्या नंबरावर येऊन उभे राहता आणि मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणता. मुदत संपली की पुढची मोकळी प्रत तुमची.

मधल्या काळात मी काय केलं? शोधताना "Available Now" ही चाळणी लावली, की ज्यांना रांग नाही अशीच पुस्तकं दिसतात. गेल्या महिन्यातलं गाजतंय ते सोडून दिलं तर वाचण्यासारखं खूप मिळतं. आणखी एक: काही लायब्रऱ्या गाजलेल्या पुस्तकांच्या एक-दोन प्रती रांगेबाहेर ठेवतात. त्यांना "Skip the Line" म्हणतात. मुदत मात्र बहुधा सातच दिवसांची आणि वाढवून मिळत नाही. हूपला नावाचं दुसरं अ‍ॅप काही लायब्रऱ्या देतात, त्यात रांगच नसते. तिथे परवाना घेऊन ठेवलेला नसतो, तुम्ही पुस्तक घेतलं की त्या वेळचे पैसे लायब्ररी मोजते. साहजिकच ती महिन्याला किती पुस्तकं घ्यायची याची मर्यादा घालते. आणि एखादं ऑडिओबुक शोधून शोधून सापडत नसेल तर ते फक्त ऑडिबलपुरतं काढलेलं असू शकतं. तशी लायब्ररीला मिळत नाहीत, कितीही नंबर लावा.

मराठीचं काय, हे मी अर्थातच बघितलं. शोधाच्या चाळणीत भाषा निवडता येते. प्रत्येक लायब्ररीचा संग्रह वेगळा, पण आमच्या कार्डावर मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पुस्तकं निघाली. लायब्ररी तेच घेते जे ओव्हरड्राइव्हच्या दुकानात प्रकाशकाने ठेवलंय, आणि जे गावातली माणसं मागतात. अ‍ॅपमध्ये नसलेलं पुस्तक सुचवायची सोय असते, ती मी दोनदा वापरली. आपल्याकडे मराठी पुस्तकं ऐकायची तर स्टोरीटेलसारखी वर्गणीची अ‍ॅपं आहेत. तिथे रांग नाही, पण तिथे आपण दरमहा पैसे भरणारे गिऱ्हाईक असतो, वाचनालयाचे सभासद नव्हे.

वाचायचं कशावर, हा घरातला वादाचा विषय. ऐकायला फोनच. ऑडिओबुक तासाला साधारण तीस एमबीच्या आत जागा घेतं, तर ई-पुस्तक बहुधा चार-दोन एमबीतच मावतं. वाचायला मात्र रात्री फोनचा उजेड डोळ्यांत जातो आणि मला किंडलची सवय. लिबीवर घेतलेली बरीचशी ई-पुस्तकं किंडलवर जातात, 2011पासून ही सोय आहे, पण फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांसाठी. "Read With" मध्ये किंडल निवडलं की अ‍ॅप तुम्हाला अ‍ॅमेझॉनच्या पानावर नेऊन सोडतं, तिथे "Get Library Book" दाबायचं, आणि किंडल वाय-फायला जोडलेलं असेल तर मिनिटभरात पुस्तक त्यावर येतं. माझं आलं नाही. मी अर्धा तास किंडल बंद-चालू करत बसले. मग जावईबापूंच्या लक्षात आलं, की माझं किंडल माझ्या भारतातल्या खात्यावर आहे आणि उसनं पुस्तक अमेरिकेतल्या खात्यावरच जातं. लेकीच्या खात्यावर किंडल नोंदवलं तसं पुस्तक आलं, पण माझी विकत घेतलेली सगळी मराठी पुस्तकं त्यावरून दिसेनाशी झाली. पुन्हा आपल्या खात्यावर आणलं की ती परत येतात. हे तेव्हा माहीत असतं तर मला ती रात्र झोप लागली असती. ज्यांच्याकडे कोबोचं वाचनयंत्र आहे त्यांना हा वळसा नको: कोबोच्या बहुतेक यंत्रांत ओव्हरड्राइव्ह आतच असतं, कार्डाने आत शिरायचं की झालं.

किंडलवर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, तिथे पाठवलेलं पुस्तक लवकर परत करायचं तर ते लिबीतून नव्हे, अ‍ॅमेझॉनच्या खात्यातून करावं लागतं. दोन, ऑडिओबुक किंडलवर जात नाही. तिसरी एक युक्ती वाचकांत कानोकानी फिरते: मुदत संपायच्या आधी किंडलचं वाय-फाय बंद करून टाकायचं. पुस्तक परत न्यायला कोणी आत येऊच शकत नाही, त्यामुळे ते यंत्रावर तसंच राहतं, आणि तिकडे परवाना मात्र ठरल्या वेळी पुढच्या वाचकाकडे जातो, म्हणजे कोणाचं अडत नाही. मी ती एकदा वापरली आहे. लायब्ररीतल्या बाईंना सांगितलं नाही.

'कव्हेनंट'चा नंबर दुसऱ्यांदा लागला तो जुलैत, माझ्या परतीच्या विमानाला पाच दिवस होते तेव्हा. रात्री साडेनऊला "Borrow" दाबलं. मग हिशेब घातला. पुस्तक ऐकायला 31 तास. चौदा दिवसांत संपवायचं तर रोज सव्वादोन तास. वेग सव्वापट केला तर 31चे 25 होतात, म्हणजे रोज पावणेदोन. लेखकाचा वाचनाचा स्वर संथ आहे, सव्वापटीला तो नेहमीच्या बोलण्याइतका होतो, काही बिघडत नाही. दीडपट करून बघितलं तर सगळं कुटुंब लगबगीत असल्यासारखं वाटायला लागलं. मुदत वाढवून मिळण्याची आशा नव्हती, कारण मागे रांग असली की "Renew" दाबून तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाता. घरच्या वाय-फायवर सगळं पुस्तक, पाऊणएक जीबी, फोनवर उतरवून घेतलं. हे आधी केलं नाही तर विमानात नुसतं मुखपृष्ठ बघत बसावं लागतं.

पंधरा तासांच्या विमानात मी नऊ तास ऐकलं. पुण्याला पोचल्यावर पाहुणे, साठलेली बिलं, पावसात उघडी राहिलेली बाल्कनी. चार दिवस हातच लागला नाही. पुस्तक पुण्यातही चालतं. कार्ड चालू आहे तोवर माणूस कुठे आहे याच्याशी अ‍ॅपला कर्तव्य नसतं. मुदत मात्र मिनिटामिनिटाने मोजली जाते: ज्या घटकेला घेतलं, बरोबर त्याच घटकेला चौदा दिवस पुरे होतात. मी 'चौदाव्या दिवशी रात्री साडेनऊ' एवढंच मनात धरलं होतं आणि अगदी निवांत होते. तेराव्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिनेच आठवण केली. तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशी सकाळचे सात. मी म्हटलं, मग उलट साडेनऊ तास जास्तच मिळाले की! ती म्हणाली, "अगं आई, तू तारीख एक दिवस पुढची धरली आहेस. तुझा चौदावा दिवस उद्या सकाळी सातला संपतोय." तेव्हा तीन तास शिल्लक होते. पुस्तकातले.

रात्री दीड तास ऐकलं आणि झोप अनावर झाली. पहाटे पाचचा गजर लावला. स्वयंपाकघरात दिवा न लावता, चहाचं आधण ठेवून, ओट्याला टेकून ऐकत राहिले. सव्वापटीने उरलेला दीड तास म्हणजे बहात्तर मिनिटं. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा घड्याळात सहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. चहाचं पाणी आटून गेलं होतं. फोनवर पुस्तकाखाली अजून 28 मिनिटं दिसत होती. मी "Return Early" दाबलं.

रांगेत तेव्हा 51 जण होते.